उधारीच्या रिपोर्टमध्ये मराठी नावं बिघडायलीत: सॉफ्टवेअरवाल्याला पत्र कसं लिहावं?

खतबियाणं

नमस्कार मंडळी. कृषी सेवा केंद्र आहे, लातूर जिल्हा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खातेदारांची नावं मराठीत आहेत. स्क्रीनवर सगळी नीट दिसतात, पण रिपोर्ट बाहेर काढला की घोळ होतो. 'एक्सेल' बटणानं काढलं की नावांच्या जागी à¤ असलं काहीतरी यायलंय. 'टेक्स्ट' बटणानं काढलं की नुसती प्रश्नचिन्हं. 'पीडीएफ'मध्ये मराठी येतं, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडलेली असतात. सोयाबीन बाजारात आलं की वसुलीची यादी लागते, त्याच्या आत हे निस्तरायला पाहिजे. कंपनीला पाठवायचं पत्र असं लिहिलंय:

> विषय: मराठी फॉन्ट नीट येत नसल्याबाबत.
> महोदय, आपल्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला असता मराठी अक्षरे नीट येत नाहीत. तरी आपला माणूस पाठवून फॉन्ट टाकून द्यावा, ही विनंती.

यात काय कमी-जास्त करावं, जाणकारांनी सांगावं.

अक्षरओळख

साहेब, सगळ्यात आधी 'फॉन्ट' हा शब्द काढा. तो पत्रात राहिला तर त्यांचा माणूस येईल, एखादा मराठी फॉन्ट टाकेल, 'आता बघा' म्हणेल आणि तक्रार बंद करून जाईल. फॉन्ट नसता तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले असते. तुमच्याकडे चौकोन कुठंच नाहीत.

तुम्ही सांगताय ते तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी आहे. एका वाक्यात गुंडाळले तर एक दुरुस्त होईल आणि दोन राहतील.

पहिला à¤ वाला. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्त UTF-8 मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यातले पहिले दोन बाइट E0 A4 किंवा E0 A5 असतात. तुमचं 'एक्सेल' बटण बहुतेक खरी एक्सेल फाइल बनवत नसावं, ते सीएसव्ही बनवत असावं. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल ती विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजनं, म्हणजे Windows-1252 नं वाचतं. मग E0 चं à होतं आणि A4 चं ¤. 'नाव' एवढा शब्द घ्या:

```
नाव = E0 A4 A8  E0 A4 BE  E0 A4 B5
1252 नं वाचलं तर: à¤¨à¤¾à¤µ
```

बाइट तेच आहेत, वाचणाऱ्यानं चुकीचं पुस्तक उघडलंय. म्हणजे फाइलीत तुमची नावं शाबूत आहेत. खात्री करायची तर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथं मराठी नीट दिसलं तर खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते पाहून इथं कळवा.

पीसीदुरुस्ती_नांदेड

एवढं कशाला राव. Control Panel मध्ये Region, मग Administrative, मग Change system locale. तिथं 'Beta: Use Unicode UTF-8 for worldwide language support' ला टिक करा आणि मशीन रिस्टार्ट करा. पाच मिनिटांत सगळं मराठी यायला लागतं. पत्राची गरजच नाही.

खतावणी

भाऊ, त्यानं त्या एका मशीनवर दिसेलही. पण यादी दुकानातून कर सल्लागाराकडे जाते, बँकेत जाते, वसुलीवाल्याच्या लॅपटॉपवर जाते. तिथं टिक कोण मारणार?

अक्षरओळख

दोघांचंही बरोबर आहे, पण अर्धं अर्धं. ती टिक मारली की अख्ख्या विंडोजचं जुनं कोडपेज बदलून UTF-8 होतं. त्यामुळं à¤ जाऊ शकतं, आणि प्रोग्रॅम त्याच कोडपेजनं फाइल लिहीत असेल तर प्रश्नचिन्हंही जाऊ शकतात. पण एका अक्षराला एकच बाइट धरून लिहिलेले जुने प्रोग्रॅम त्यानंच बिघडतात. दुकानाच्या मशीनवर जुनं काही चालत असेल तर आधी बॅकअप घ्या. आणि ताई म्हणतात तसं, फाइल जिथं बनते तिथंच नीट बनायला हवी.

कंपनीचं काम खरं तर फार मोठं नाही. फाइलीच्या सुरुवातीला EF BB BF हे तीन बाइट लिहिले की एक्सेल ओळखतं की ही UTF-8 आहे. याला बीओएम म्हणतात. प्रोग्रॅम डॉटनेटमध्ये असेल तर एका ओळीचा बदल आहे:

```
File.WriteAllText(path, text, new UTF8Encoding(true));
```

त्यातलं `true` म्हणजे बीओएम लाव. याहून चांगलं म्हणजे खरी xlsx फाइल द्यायला सांगा. तिच्या आतला मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते फाइलीतच नोंदलेलं असतं, त्यामुळं उघडणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

खतबियाणं

नोटपॅडमध्ये उघडून पाहिलं. मराठी एकदम नीट आहे. खाली 'UTF-8' लिहिलंय. टेक्स्टची फाइल मात्र नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच दाखवते, खाली 'ANSI' लिहिलंय.

अक्षरओळख

मग चित्र स्पष्ट झालं. बीओएम असता तर तिथं 'UTF-8 with BOM' दिसलं असतं. तो नाही, एवढाच पहिला दोष.

टेक्स्टचा दोष जास्त वाईट आहे. तिथं प्रोग्रॅम लिहितानाच नाव फेकून देतो. Windows-1252 मध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी तो 3F हा बाइट लिहितो, म्हणजे प्रश्नचिन्ह. त्या फाइलीतून नाव परत काढता येत नाही, कोणताही फॉन्ट किंवा कन्व्हर्टर लावला तरी.

प्रश्नचिन्हं मोजा, त्यातूनही कळतं. 'विठ्ठल' या नावात युनिकोडची सहा चिन्हं आहेत: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. फाइलीत सहा प्रश्नचिन्हं असतील तर युनिकोड नाव थेट जुन्या कोडपेजमध्ये कोंबलं गेलंय. अठरा असतील तर नाव आधी UTF-8 झालं आणि मग कुणीतरी त्याचा एकेक बाइट टाकून दिला. कंपनीच्या प्रोग्रॅमरला कोणत्या ओळीकडे बघायचं ते या आकड्यावरून समजेल, म्हणून तो पत्रात द्या.

औंढ्याचा

आमच्याकडंबी हेच. बिलाच्या छोट्या प्रिंटरवर मराठी नाव टाकलं की कचरा छापतो. फाइल UTF-8 केली तर होईल का?

अक्षरओळख

नाही दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक थर्मल प्रिंटरांच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळं मजकूर म्हणून पाठवलं तर कोणतंही एन्कोडिंग चालत नाही. बिल चित्र करून पाठवावं लागतं. ५८ मिमीच्या प्रिंटरला बहुधा ३८४ ठिपके रुंदीचं, ८० मिमीला ५७६. सॉफ्टवेअरमध्ये 'ग्राफिक मोड' किंवा विंडोज ड्रायव्हरमधून छापायची सोय आहे का पाहा. छपाई जरा हळू होईल. बाकी वेगळा धागा काढा, इथं मिसळलं तर या साहेबांचं पत्र भरकटेल.

दुधनाकाठ

सरळ इंग्रजीत नावं टाकावीत की. आमच्या जालन्यात बरेच दुकानदार तसंच करायलेत. कटकट संपली.

खतावणी

Kale म्हणजे काळे की काले? एका गावात दोन्ही असतात. शिवाय एकच माणूस एका बिलावर Vitthal आणि दुसऱ्यावर Vithal होतो. मग त्याच्या नावानं दोन खाती निघतात आणि बाकी जुळत नाही. खातेदाराला यादी दाखवून सही घ्यायची असते. त्याला त्याचं नाव वाचता आलं पाहिजे.

एक महत्त्वाचं, कारण हे फार जण करतात. ती à¤ वाली फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका. सेव्ह केली की ते वेडंवाकडं रूपच फाइलीचा मजकूर होऊन बसू शकतं. उघडायची असेल तर कोरं एक्सेल उघडा, Data मध्ये From Text/CSV घ्या आणि File Origin मध्ये '65001: Unicode (UTF-8)' निवडा. सेव्ह करताना 'CSV UTF-8' निवडा. नुसतं 'CSV (Comma delimited)' निवडलं तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

पीसीदुरुस्ती_नांदेड

ताई, à¤ वालं सेव्ह झालं तरी उलट फिरवता येतं. नेटवर ते परत मराठी करून देणारी पानं आहेत. डेटा कुठं जात नाही.

अक्षरओळख

काही नावांचं होतं, सगळ्यांचं नाही. कोणाचं होत नाही ते सांगतो, कारण यात आपलीच नावं सापडतात.

'ठ' चे बाइट E0 A4 A0. Windows-1252 मध्ये A0 म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. कॉपी-पेस्ट करताना किंवा शेवटची जागा छाटताना ती साधी मोकळी जागा होते किंवा उडून जाते. 'भ' चा शेवटचा बाइट AD, म्हणजे न दिसणारी जोडरेघ, तीही हरवते. हलन्ताचा शेवटचा बाइट 8D आणि उकाराचा 81. या दोन जागांना Windows-1252 मध्ये अक्षरच दिलेलं नाही. म्हणून काही साधनं तिथं प्रश्नचिन्ह टाकतात आणि काही सरळ अडतात. 'ए' आणि 'झ' ची गतही तीच.

'राम' परत येईल. 'विठ्ठल'मध्ये दोन ठ आणि एक हलन्त आहे, 'भुजंग'मध्ये भ आणि उकार. हजार नावांत कोणतं चुकलं ते शोधत बसण्यापेक्षा मूळ सॉफ्टवेअरमधून फाइल परत काढणं कधीही बरं. स्क्रीनवर नाव नीट आहे तोवर मूळ सुरक्षित आहे.

खतबियाणं

स्क्रीनवरून आठवलं. चाळीसेक नावं स्क्रीनवरही ?????? अशीच दिसतात. ती हाताने टाकलेली नाहीत, एका यादीवरून इम्पोर्ट केली होती. हेही कंपनीच्या माथी मारू का?

खतावणी

थांबा, आधी ती इम्पोर्ट केलेली फाइल शोधा आणि नोटपॅडमध्ये उघडा. फाइलीतच प्रश्नचिन्हं असतील तर यादी 'CSV (Comma delimited)' म्हणून सेव्ह झाली होती. मग तो दोष कंपनीचा नाही. फाइलीत मराठी नीट असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर बिघडलं असेल तर मात्र त्यांचा.

खतबियाणं

फाइल सापडली. तिच्यातच प्रश्नचिन्हं आहेत. त्याच नावाची xlsx बाजूला आहे, तिच्यात नावं नीट आहेत. म्हणजे चूक आमच्याकडची. ती चाळीस नावं हाताने दुरुस्त करतो, पत्रात घालत नाही.

अक्षरओळख

फार चांगलं केलंत. हा मुद्दा पत्रात राहिला असता तर त्यांनी तेवढाच पकडून बाकीचे तीन खरे दोष झटकले असते.

आता पीडीएफ. तिथं अक्षरं बरोबर आहेत, मांडणी चुकते. युनिकोडमध्ये 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी डावीकडे न्यायची आणि ठ्ठ जोडायचं, हे काम अक्षरं रेखाटणाऱ्या इंजिनाचं. स्क्रीनवर ते विंडोज करतं. कंपनीनं वापरलेली पीडीएफ लायब्ररी ते करत नसावी, ती चिन्हं आली त्या क्रमानं एकापुढे एक ठेवते. म्हणून वेलांटी 'व'च्या उजवीकडे पडते आणि हलन्त उघडा दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटणार नाही.

तोवरचा उपाय असा: रिपोर्टच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये नावं नीट दिसत असतील तर प्रिंट दाबून प्रिंटर म्हणून 'Microsoft Print to PDF' निवडा. मग रेखाटण्याचं काम बहुतेक विंडोजकडे जातं आणि जोडाक्षरं नीट येतात.

पीसीदुरुस्ती_नांदेड

हे बरोबर आहे, मीही हेच सांगणार होतो. आणि पीडीएफमधून नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं की लगेच कळतं फाइल बरोबर का चूक.

अक्षरओळख

तिथं जरा सांभाळून. डोळ्याला एकदम बरोबर दिसणाऱ्या पीडीएफमधूनही देवनागरी कॉपी केली तर बऱ्याचदा विस्कटते, कारण पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या ठेवते आणि आकृतीवरून अक्षर परत मिळेलच असं नाही. छापील कागद बरोबर दिसतो का, हीच कसोटी पत्रात लिहा. कॉपी झालंच पाहिजे अशी अट घातली तर गाडी तिथंच अडेल.

खतावणी

टेक्स्ट रिपोर्टबद्दल माझं वेगळं मत आहे. तो UTF-8 केला तरी रकाने सरळ येणार नाहीत. प्रोग्रॅम नावाला ठराविक चिन्हांची जागा देतो. 'विठ्ठल'ची सहा चिन्हं, पण कागदावर जागा साधारण तीन अक्षरांची, म्हणून पुढची रक्कम डावीकडे सरकते. आणि जागा बाइटमध्ये मोजत असतील तर आणखी वाईट. 'ज्ञानेश्वर' हे एकटं नाव ३० बाइटचं आहे, ३० च्या रकान्यात आडनावाला जागाच उरत नाही. माझ्या मते टेक्स्ट बंदच करून xlsx मागावं.

अक्षरओळख

तुमचं रकान्याचं म्हणणं पटतं. पण त्यांच्याकडे कुणी डॉट मॅट्रिक्सवर टेक्स्ट छापत असेल तर ते बंद करणार नाहीत. नाव शेवटच्या रकान्यात घ्या असं सुचवता येईल, मग रकमा तरी सरळ राहतील. यावर माझ्याकडे याहून चांगला तोडगा नाही.

खतबियाणं

सगळ्यांचं ऐकून पत्र परत लिहिलंय. बघा आता:

> प्रति, तांत्रिक साहाय्य विभाग
>
> विषय: एक्सपोर्ट केलेल्या रिपोर्टमधील मराठी नावांचे तीन दोष दुरुस्त करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> आमच्याकडे आपले बिलिंग सॉफ्टवेअर आहे. आवृत्ती क्रमांक, परवाना क्रमांक व विंडोजची आवृत्ती सोबतच्या कागदावर आहे. खातेदारांची नावे युनिकोड मराठीत असून सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर ती बरोबर दिसतात. मेनू रिपोर्ट, त्यात उधारी यादी, त्यात एक्सपोर्ट, या मार्गाने गेल्यावर पुढील तीन दोष दर वेळी येतात.
>
> १. एक्सेल बटणाने सीएसव्ही फाइल तयार होते. ती UTF-8 आहे, परंतु सुरुवातीला EF BB BF हे बाइट नाहीत. त्यामुळे एक्सेलमध्ये थेट उघडल्यास 'नाव' हा शब्द à¤¨à¤¾à¤µ असा दिसतो. नोटपॅडमध्ये तो बरोबर दिसतो. कृपया बीओएम लावावा किंवा खरी xlsx फाइल द्यावी.
>
> २. टेक्स्ट बटणाने तयार होणारी फाइल ANSI आहे. 'विठ्ठल' या नावाऐवजी त्यात ६ प्रश्नचिन्हे आहेत. कृपया ही फाइल UTF-8 मध्ये लिहावी व नावाचा रकाना शेवटी घ्यावा.
>
> ३. पीडीएफमध्ये वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते व जोडाक्षरे सुटी होतात. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये तीच नावे बरोबर दिसतात. दोष फॉन्टचा नसून पीडीएफ तयार करताना अक्षरजोडणी होत नसल्याचा आहे.
>
> चाचणीसाठी राम, विठ्ठल, ज्ञानेश्वर, भुजंग व कुऱ्हाडे अशी पाच खाती असलेली नमुना कंपनी, तिचे तिन्ही रिपोर्ट व स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत. ही पाचही नावे दुसऱ्या, कोणतीही सेटिंग न बदललेल्या संगणकावर तिन्ही प्रकारांत बरोबर दिसल्यास दुरुस्ती पूर्ण झाली असे आम्ही धरू.
>
> वसुलीचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो. किमान पहिला दोष त्यापूर्वी दुरुस्त व्हावा व उर्वरित दोन्हींची तारीख लेखी कळवावी, ही विनंती. दुरुस्तीसाठी डेटाबेसला हात लावायचा झाल्यास आधी आमच्यासमोर बॅकअप घ्यावा.
>
> कळावे.

अक्षरओळख

उत्तम. 'कुऱ्हाडे' घातलंत ते फार बरं झालं. ऱ आणि ह च्या जोडणीत चांगली चांगली इंजिनं चुकतात, हिंदीपुरती चाचणी केलेल्या प्रोग्रॅममध्ये तर हमखास. आणि नमुना कंपनी वेगळी केली तेही योग्य. खऱ्या खातेदारांची नावं, मोबाइल आणि बाकी बाहेर पाठवायचं कारणच नाही.

एक भर घाला. फाइल ईमेलनं पाठवताना झिप करून पाठवा आणि सीएसव्ही एकदाही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली नको, सॉफ्टवेअरनं दिली तशीच हवी. पहिले बाइट दाखवायचे तर पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्या आणि पहिल्या ओळीचा फोटो जोडा:

```
Format-Hex .\udhari.csv
```

तुमच्या फाइलीचं शीर्षक 'नाव' पासून सुरू होत असेल तर तिथं E0 A4 A8 दिसेल. दुरुस्त फाइलीत त्याच्या आधी EF BB BF यायला हवं.

दुधनाकाठ

हे काम वार्षिक देखभालीत बसतं का? का ते वेगळे पैसे मागतील?

खतावणी

करारात 'मराठी सुविधा' असं लिहिलेलं असेल तर माझ्या मते हा दोष आहे, नवीन मागणी नाही. पहिला आणि तिसरा तर नक्कीच. xlsx मात्र ते नवीन सोय म्हणून धरू शकतात. साहेब, करारातली ती ओळ पत्रात उतरवा.

अक्षरओळख

म्हणूनच पहिल्या मुद्द्यात 'बीओएम किंवा xlsx' असं ठेवलेलं बरं. xlsx चे पैसे मागितले तर बीओएमवर भागवता येईल.

खतबियाणं

करार काढला. त्यात 'सर्व रिपोर्ट मराठीत उपलब्ध' असं छापलंय. ती ओळ पहिल्या परिच्छेदात घेतली. पीडीएफसाठी Microsoft Print to PDF करून पाहिलं, विठ्ठल आणि ज्ञानेश्वर नीट आले, कुऱ्हाडे मात्र अजून नीट वाटत नाही, ऱ वेगळाच दिसायलाय. फोटो टाकू का इथं?

अक्षरओळख

टाका. आणि रिपोर्टच्या सेटिंगमध्ये कोणता फॉन्ट निवडलेला आहे तेही सांगा. या एका ठिकाणी मात्र फॉन्टचाच दोष असू शकतो.